गटाचा पैसा असतो कुठे?

बचत गटाचा पैसा एकाच वेळी तीन ठिकाणी असतो: बँकेच्या खात्यात, सचिवाकडच्या पेटीत आणि कर्ज म्हणून सभासद बायकांच्या हातात. पहिल्या दोन ठिकाणी तो जितका कमी, तितका गटाचा व्यवहार चांगला. पासबुकातली मोठी शिल्लक पाहून बाहेरच्या माणसाला गट भक्कम वाटतो; पण पुष्कळदा तिथे कर्ज मागायला बायका धजत नसतात, किंवा बैठकच होत नसते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातील एका गटाच्या पहिल्या वर्षाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. बारा जणी, प्रत्येकीची महिन्याची बचत 100 रुपये. तिसऱ्या बैठकीत 3,600 रुपये जमले आणि एकीने शेळीसाठी 3,000 मागितले. दर ठरला महिना शेकडा दोन आणि मुद्दलाचा हप्ता 500 रुपये. व्याज उरलेल्या मुद्दलावर धरल्याने पहिल्या महिन्यात 60, मग 50, असे उतरत सहाव्या महिन्यात 10 रुपये झाले, एकूण 210. तेच पूर्ण 3,000 वर शेवटपर्यंत धरले असते तर 360 झाले असते. व्याज कोणत्या रकमेवर, हे पहिल्याच बैठकीत ठरवून लिहिले नाही, तर पुढे भांडण ठरलेले. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हा दर बँकेपेक्षा जास्तच आहे. मात्र ते 210 रुपये सावकाराच्या घरी गेले नाहीत, गटातच राहिले आणि पुढच्या कर्जाला उपयोगी पडले.

खरी अडचण दसरा-दिवाळीच्या सुमारास आली. बारापैकी सात जणी मुकादमाची उचल घेऊन नवऱ्यासोबत कारखान्यावर निघाल्या. सहा महिने बैठकीला त्या नसणार आणि हप्तेही थांबणार. अनेक गट याच काळात मोडतात. इथे निघण्याआधीच्या बैठकीत ठराव लिहिला गेला: जाणाऱ्यांनी उचलीतून सहा महिन्यांची बचत आगाऊ भरायची, त्यांच्या मुद्दलाचे हप्ते थांबतील, व्याज मात्र चालू राहील आणि परतल्यावर ते एकरकमी द्यायचे. अशा रीतीने 4,200 रुपये आधीच जमा झाले आणि मागे राहिलेल्या पाच जणींना त्यातून कर्ज मिळाले. त्यांच्या परतफेडीची मुदत जूनच्या आधीची ठेवली, कारण परतलेल्यांना पेरणीसाठी तेव्हाच पैसा लागणार होता. दर महिन्याच्या समान हप्त्यांचा आग्रह धरला असता, तर या गावात गट वर्षभरही टिकला नसता.

वर्षअखेरीचा ताळा असा जुळला. बचत 14,400, व्याज 1,150 आणि दंड 60. यातून वह्यांचा व प्रवासाचा खर्च 210 वजा केला की 15,400 उरतात. दुसरीकडे बँकेत 1,900, पेटीत 300 आणि येणे कर्ज 13,200, बेरीज तीच. या दोन बाजू जुळल्या नाहीत, तर चूक बहुतेक वेळा व्याज आणि मुद्दल एकाच रकान्यात लिहिण्याची असते.

ताळा जुळूनही गट आतून पोखरलेला असू शकतो. ते ओळखण्याची सोपी खूण व्याजात आहे. येणे कर्ज 13,200 असेल तर शेकडा दोनने महिन्याला 264 रुपये व्याज यायला हवे. सलग तीन-चार महिने शंभर-सव्वाशेच येत असेल, तर कोणीतरी भरत नाही आणि बाकीच्या भिडेपोटी गप्प आहेत. दुसरी खूण कर्जाच्या वहीत सापडते: एकाच दिवशी जुने कर्ज फिटल्याची नोंद आणि त्याच नावावर तेवढेच नवे कर्ज. प्रत्यक्षात पैसा हललेलाच नसतो. थकबाकी झाकली जाते, एवढेच.

बँकेचे कर्ज यानंतर येते. नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांपासून बँकजोडणी सुरू केली, तेव्हापासून कर्जाआधी गटाचा स्वतःचा व्यवहार पाहिला जातो. हे कर्ज आले की बारा सारखे वाटे करण्याची सवय फार वाईट. जिला गरज नाही ती आपला वाटा दुसरीला देते, हप्ता चुकतो, आणि वहीत नाव मात्र भलतीचेच असते.

सूक्ष्म वित्त कंपनीच्या कर्जगटालाही गावात बचत गटच म्हणतात. तिथे बायका एकमेकींच्या जामीन असतात, पण व्याज कंपनीचे असते आणि वसुलीचा दिवसही कंपनीच ठरवते. एकीच्या अंगावर दोन्हीकडची कर्जे असली की कंपनीचा हप्ता आधी जातो आणि गटाचा राहतो. म्हणून नवे कर्ज देण्यापूर्वी बाहेरची देणी बैठकीत उघड विचारावी लागतात.

सभासद गट सोडते तेव्हा तिची केवळ बचत परत करणे अन्यायाचे आहे, कारण व्याज सर्वांच्या पैशातून आलेले असते. वरच्या हिशेबात वर्षअखेरीला प्रत्येकीचा वाटा 1,283 रुपये येतो. तिच्याकडे 800 रुपये कर्ज बाकी असेल, तर ते वळते करून 483 रुपये हातात द्यायचे आणि बैठकीच्या वहीत तिची सही घ्यायची.