‘बरं’पुढचा पूर्णविराम

३ ऑक्टोबर, शुक्रवार
भाचीने म्युनिकहून घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा, दिवाळीला यायला जमत नाहीये. रजा मंजूर नाही झाली.’ दोन मिनिटांत दादाचं उत्तर आलं, ‘बरं.’ त्यानंतर ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. रात्री तिचा फोन आला. ‘आत्या, बाबा रागावलेत का गं? ते नुसतं ‘बरं’ लिहून थांबले असते तरी चाललं असतं. पुढे टिंब दिलंय.’

४ ऑक्टोबर, शनिवार
दादाकडे जाऊन आले. रागाचं नावही नव्हतं. तो वहिनीला सांगत होता की चकल्या आणि अनारसे आधी कर, कुरियरवाल्याला विचारून ठेवलंय. म्हणजे मेसेज वाचल्याबरोबर त्याच्या मनात फराळाचं पार्सल आलं होतं; ग्रुपवर मात्र उमटलं ते फक्त ‘बरं.’ पूर्णविराम का दिलास विचारलं, तर म्हणाला, वाक्य संपलं म्हणून. शाळेत त्यासाठी मार्क कापायचे. शिवाय थोडक्यात लिहिणं ही त्याच्या पिढीची शिस्त. तारेत शब्दागणिक पैसे पडत, आणि तार बंद झाली ती थेट जुलै २०१३ मध्ये.

एक गोष्ट त्याच्या फोनवरच दिसली. स्पेसबार लागोपाठ दोनदा दाबला की पूर्णविराम आपोआप पडतो. दादाचा अंगठा जड आहे, त्यामुळे काही टिंबं तर त्याने दिलेलीच नसतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून दिलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
भाचीला टिंब टोचलं ते उगाच नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सिलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एकाने काही विचारलेलं, दुसऱ्याचं एका शब्दात उत्तर. मोबाइलवरच्या मेसेजात त्या शब्दापुढे पूर्णविराम असला, तर उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं, तेव्हा टिंबाने काही फरक पडला नाही.

कारण सरळ आहे. चॅटमध्ये ‘पाठवा’चं बटण दाबलं की वाक्य आपसूक संपतं. मग पूर्णविरामाला संपवण्याचं काम उरत नाही, आणि वाचणारा त्यात दुसरा अर्थ शोधतो. समोरासमोर ‘बरं’ म्हणताना आवाज खाली उतरवून तोंड मिटलं, की आपण ‘विषय संपला’ असं समजतो. मेसेजात आवाज नसतो, म्हणून तो उतरलेला सूर टिंबात ऐकू येतो. दोन-चार ओळींच्या मजकुरात मात्र टिंबं कोणाला खटकत नाहीत. बोचतो तो एकटा शब्द आणि त्यापुढचं टिंब.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दादाला इमोजी शिकवायचा भाचीचा बेत आहे. मला तो पटत नाही. अंगठ्याचं चित्र तर तिच्या वयाच्या अनेकांना ‘बरं.’ इतकंच तुटक वाटतं.

आपल्याकडे त्याहून चांगली सोय बोलण्यातच आहे. ‘बरं’ आणि ‘बरं गं’ मोठ्याने म्हणून पाहावं. ‘हो’ कोरडं, ‘हो रे’ जवळचं. ‘येतो’ म्हणजे नुसती माहिती. ‘येतो हं’ म्हटलं की ऐकणाऱ्याची वाट पाहणं लक्षात घेतल्यासारखं होतं. ‘पोहोचलीस?’ पेक्षा ‘पोहोचलीस ना?’ मध्ये काळजी जास्त. गं, रे, हं, ना हे दादा दिवसभर बोलतो, पण लिहायला बसला की गाळतो, कारण लिहायची भाषा वेगळी असं त्याच्या मनात पक्कं बसलंय. मोठ्यांना लिहिताना रे-गं चालत नाही, तिथे ‘हो काका, येतो’ असं नातं जोडलं तरी भागतं.

पण नुसतं ‘गं’ चिकटवूनही पुरत नाही. समोरच्याने जे लिहिलंय त्यातली एक गोष्ट उचलून परत द्यावी लागते. दादाला मी एवढंच म्हटलं, की चकल्यांचं मला सांगितलंस ते तिला लिही. त्याने टाइप केलं: ‘बरं गं. रजेचं नको मनाला लावून घेऊस. चकल्या पाठवतोय, अनारसे हवेत का?’ यात टिंबंही आहेत, तरी ती कुठे टोचत नाहीत. भाचीचं उत्तर लगेच आलं: ‘हवेत!! आणि कडबोळीपण’

१२ ऑक्टोबर, रविवार
वहिनीला हे सगळं जास्तीचं वाटतं. ‘दूध आणलं का?’ला ‘हो’ पुरे, त्यात ‘गं’ कशाला, म्हणते. बरोबरच आहे तिचं. कामाच्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर कोणालाच लागत नाही. समोरचा काही मागत असेल, नाही म्हणत असेल किंवा मन मोकळं करत असेल, तेव्हाच तो एकटा शब्द लागतो. आज शेजारचे काका गेल्याचा निरोप दादाने ग्रुपवर टाकला: ‘नाना गेले. अंत्यविधी चार वाजता.’ तिथे गं नाही, हं नाही, आणि दोन्ही पूर्णविराम आपापल्या जागी होते.