एक जूनचा माणूस

निवृत्तीची भाषणं सहसा लांबतात. आमच्या नाशिकच्या उर्दू शाळेतले बडेबाबू मात्र सात मिनिटांत मोकळे झाले. शाळेत ते तिखट जिभेसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे सगळे कान टवकारून बसले होते.

सुरुवातच त्यांनी जन्मतारखेने केली. "मी ३१ मे रोजी अठ्ठावन्नचा होऊन निघतोय, कारण कागदावर माझा जन्म १ जूनचा आहे. माझी अम्मी म्हणायची, तू कडाक्याच्या थंडीत झालास. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, आणि सरकारने मला तेवढ्यावर ओळखलं. त्या एका ओळीने माझी नोकरी किती महिने कमी झाली की वाढली, अल्लाह जाणे."

जनरल रजिस्टरमध्ये एकदा चढलेली तारीख किंवा नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलत नाही, हे पालकांना पटवण्यात त्यांची हयात गेली. आमच्याकडे घोळ तिप्पट. अर्ज उर्दूत, रजिस्टर मराठीत, दहावीचा फॉर्म इंग्रजीत. उर्दूतला एकच 'शेख' इंग्रजीत तीन तऱ्हांनी उतरतो.

त्यांनी एक भांडण सांगितलं. एका रिक्षावाल्या बापाने मुलीचं नाव सांगितलं, 'रुकय्या'. बाबूंनी जन्मदाखला मागितला. बाप चिडला, "साहब, एक हर्फ़ से क्या होता है?" आणि थेट संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन गेला. बाबू हटले नाहीत. दाखला आला तेव्हा त्यावर वेगळंच स्पेलिंग निघालं. बाबूंनी तेच लिहिलं, बापाला समोर बसवून एकेक अक्षर वाचून दाखवलं, मग सही घेतली. पुढे दहावीच्या बोर्डाच्या प्री-लिस्टमध्ये नाव चुकून आलं, तेव्हा याच नोंदीवरून ते वेळेत दुरुस्त करता आलं. निकाल छापल्यावर हेच काम म्हणजे अर्ज, रजिस्टरचा उतारा आणि बोर्डाच्या फेऱ्या. बापाने नंतर आभार मानले का, हे बाबूंनी सांगितलं नाही. मला वाटतं, नसतीलच मानले.

मग ते ड्रॉइंगच्या सरांकडे वळले. रजेच्या अर्जावरून दोघांत दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे सगळ्यांना ठाऊक. "पण सर, त्या दोन्ही वर्षांत तुमची जुलैची वेतनवाढ तुमच्या सेवापुस्तकात त्याच महिन्यात चढली आहे. पडताळणीची सहीसुद्धा आहे. बघून घ्या." सर उठून म्हणाले, "मी आजवर ते पुस्तक उघडून पाहिलंच नाही." सभागृह हसलं, बाबू हसले नाहीत.

"पाहा," ते म्हणाले. "महालेखापालांकडे पेन्शनचे कागद निवृत्तीच्या सहा महिने आधी जायला हवेत. एका वर्षाची नोंद कोरी राहिली की प्रकरण परत येतं. तेव्हा तो जुना क्लार्क तुम्हाला कुठे सापडणार?"

जागेवर बसण्याआधी त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून नव्या क्लार्कच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "बेटा, नववीच्या जन्मदाखल्यांची फाइल बघितलीस?"