सतरा नग माझे, सहा नाहीत

उद्यमबागेत आमचं छोटं फौंड्रीचं काम आहे. ग्राहकाशी तंटा झाला की एक तर सगळं नाकारायचं, नाहीतर पैसे देऊन मोकळं व्हायचं, असंच मी वर्षानुवर्षं मानत आलो. एक नग खराब असल्याचं कबूल केलं की एकशेवीस नग गळ्यात पडतात, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या पावसाळ्यात निपाणीहून आलेल्या एका नोटिशीने ती मोडली.

पंपाच्या बॉडीचे १२० नग मी त्या ग्राहकाला पाठवले होते. एका नगाचा भाव २,००० रुपये, म्हणजे बिल २,४०,००० चं. मशिनिंग करताना २३ नग वाया गेले, असं नोटिशीत लिहिलं होतं. मागणी होती ती पूर्ण बिलाची आणि वर बुडालेल्या ऑर्डरींबद्दल तीन लाखांची. पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ, असा इशाराही होता.

तीन दिवस नोटीस ड्रॉवरमध्ये पडून राहिली. चौथ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ही वकिलाची नोटीस आहे, कोर्टाचा हुकूम नव्हे. चेक न वटल्याच्या नोटिशीतले पंधरा दिवस कायद्याने ठरवलेले असतात, इथले समोरच्याने घातलेले आहेत. तरी उत्तर द्यायचंच, कारण आपण गप्प राहिलो तर पुढे तेच आपल्याविरुद्ध वाचलं जातं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मात्र काही कबूल करू नका, असं त्यांनी बजावलं.

मग मी हीटचं रजिस्टर काढलं. १२० नग तीन हीटमध्ये ओतले होते, प्रत्येकीत चाळीस, आणि हीटचा नंबर प्रत्येक नगावर उठवलेला असतो. दुसऱ्या हीटच्या दिवशी वाळूतला ओलावा ५.२ टक्के लिहिला होता. आम्ही साडेतीन ते चारच्या आत ठेवतो. जुलैचा पाऊस होता, वाळू ओली झाली होती, आणि माल आज जायलाच हवा म्हणून ओतायला मीच सांगितलं होतं.

ग्राहकाला कळवून आमच्या जुन्या मोल्डरमामांना घेऊन निपाणीला गेलो. मामांनी नग उन्हात फिरवून पाहिले. सतरा नगांत भोकं होती. "मालक, भोक आतनं गुळगुळीत हाय. वाफ कोंडलीया, हे आमचंच." उरलेल्या सहांचे कान तुटले होते. तिथला भंग खरखरीत आणि ताजा करडा होता, आत पोकळी नव्हती, आणि सहाही नगांवर शिकंजा जास्त आवळल्याच्या खुणा होत्या. सतराही नग दुसऱ्या हीटचे निघाले. सहा नग तिन्ही हीटमध्ये विखुरलेले होते.

तरीही परतताना मी एक पळवाट शोधत होतो. माल पोचून दोन महिने झाले होते, तक्रार उशिराची, म्हणून सगळंच फेटाळायचं. माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत नाकारला नाही, तर तो स्वीकारला असं धरण्याची तरतूद मालविक्री कायद्यात, म्हणजे १९३० च्या कायद्यात, आहे. वकीलसाहेब म्हणाले, "मांडता येईल. पण हे भोक कातडीखाली असतं, मशीनवर चढल्याशिवाय दिसणार कसं? तुमचं स्वतःचं रजिस्टर तुमच्या विरुद्ध आहे." त्या रात्री मला उमगलं की सतरा नग नाकारायचे तर मला ते रजिस्टर लपवावं लागेल, आणि सहा नगांबद्दल माझं खरं ठरवणारा पुरावाही तेच रजिस्टर आहे.

आयोगाच्या इशाऱ्याने मात्र घाबरायचं कारण नव्हतं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हा फरक स्पष्ट केला. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायद्याचा 'ग्राहक' नाही. पोटापुरता स्वतः राबणारा मात्र त्यात येतो. आमचा ग्राहक कामगार लावून पंप जोडून विकतो. तरी दिवाणी दावा त्याला करता येतोच, म्हणून उत्तर त्याच भानाने लिहिलं.

सगळे हक्क अबाधित ठेवून आम्ही दोन पानांत कळवलं: दुसऱ्या हीटचे सतरा नग बदलून देतो, किंवा ३४,००० रुपयांची क्रेडिट नोट देतो. त्या सतरांवर झालेली मशिनिंगची मजुरी बिल दाखवल्यावर देऊ. सहा नगांची जबाबदारी नाही, फोटो सोबत जोडले आहेत. उरलेल्या ९७ बद्दल तुमचीच तक्रार नाही, म्हणून पूर्ण बिल परत करण्याचा प्रश्न येत नाही. बुडालेल्या ऑर्डरींचे कागद पाठवा, पाहून उत्तर देऊ.

बारा दिवसांनी त्यांनी सतरा नग बदलून मागितले आणि मजुरीचं ४,२५० रुपयांचं बिल पाठवलं. ऑर्डरींचे कागद आले नाहीत. सहा नगांबद्दल त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हणालो. नवे सतरा नग घेऊन मी स्वतःच निपाणीला गेलो. आता वाळू चारच्या वर गेली की ओतकाम थांबवायचा अधिकार मामांचा, माझा नाही.