पाच वर्षांचा आणि पावणेनऊ वर्षांचा

माझा धाकटा मुलगा आधी दस्तरखानावर मांडी घालून बसेनासा झाला. एक पाय पुढे पसरून, कोपऱ्यात तिरका बसायचा. मी रागवायचे, "नीट बस." तो म्हणायचा, "अम्मी, गुडघा दुखतो." मग शाळेतून येताना थोडा लंगडायला लागला. सकाळी बरा असायचा, संध्याकाळी खेळून आला की जास्त लंगडायचा. तेव्हा त्याला पावणेनऊ वर्षं होती.

गुडघा दुखतो म्हणून आम्ही गुडघाच दाखवला. गुडघ्याचे दोन एक्स-रे काढले, दोन्ही स्वच्छ निघाले. कुणी कॅल्शियम दिलं, कुणी म्हणालं की वाढीच्या वयात दुखतंच. यात अडीच महिने गेले. खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांना एकाच नसेच्या शाखा जातात, त्यामुळे खुब्यातलं दुखणं मुलाला गुडघ्यात जाणवतं, हे मला नंतर समजलं. तिसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही. त्यांनी त्याला उताणं झोपवलं आणि दोन्ही पाय बाजूला उघडून पाहिले. उजवा सहज उघडला, डावा अर्ध्यावर अडला. पाय आतल्या बाजूला वळवला तेव्हा तो ओरडला. मग कमरेचा एक्स-रे निघाला आणि नाव कळलं: पर्थेस.

नाव कळल्यावर मी घाबरले नाही, आणि चूक तिथेच झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गातल्या एका मुलाला हाच आजार झाला होता. तो पाच वर्षांचा होता. त्याला ऑपरेशन झालं नाही. उड्या मारू नको, धावू नको आणि रोज पायांचा व्यायाम कर, एवढंच सांगितलं होतं. तीनेक वर्षांत तो मैदानात पळायला लागला. म्हणून घरात सगळ्यांना धीर देणारी मीच होते. "आपोआप भरून येतं," मी सांगत सुटले. माझी अम्मीही म्हणाली, "मग लेकराला कापायचं कशाला?"

डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं आणि एक्स-रे समोर धरला. ते जे बोलले ते मी तेव्हा वहीत लिहून घेतलं. पुढे त्यात वाचनाची भर पडली.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणीत फिरतो. या आजारात त्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. का तुटतो, ते 1910च्या सुमारास अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस यांनी आजाराचं वर्णन केलं तेव्हापासून आजवर नक्की ठरलेलं नाही. मुलींपेक्षा मुलग्यांत तो चार-पाच पट जास्त दिसतो. आतलं हाड मरतं. पहिले काही महिने मेलेलं हाड एक्स-रेत उलट जास्त पांढरं, घट्ट दिसतं. माझ्या मुलाचं चित्र असंच होतं. दुसऱ्या टप्प्यात शरीर हे मेलेलं हाड शोषून घेऊ लागतं आणि गोळा तुकडे पडल्यासारखा दिसतो. हा टप्पा साधारण वर्षभर चालतो. तिसऱ्या टप्प्यात नवं हाड भरत जातं, त्याला दीड-दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. चौथ्यात हाड पूर्ण भरलेलं असतं आणि आकार जो व्हायचा तो झालेला असतो.

म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं. हाड आपोआप भरतंच, जवळजवळ प्रत्येक मुलाचं. प्रश्न ते कोणत्या आकारात भरतं हा आहे.

दुसऱ्या टप्प्यात गोळा मऊ असतो आणि खोबणीतून थोडा बाहेरच्या बाजूला सरकतो. मोदकाचं पीठ साच्याबाहेर आलं आणि तसंच दाबलं, तर साच्याची कड पिठात रुतते. तसंच इथे होतं. बाहेर आलेल्या भागात खोबणीची कड रुतते, गोळा चपटा होतो आणि तसाच कडक होतो. असा चपटा खुबा तारुण्यात कसाबसा चालतो, पण पुढे लवकर झिजतो. म्हणून उपचाराचं तत्त्व एकच: गोळा मऊ असेपर्यंत तो पूर्ण साच्यात ठेवायचा. पाय बाजूला उघडले की गोळा आत जातो. त्यासाठी पाय फाकवून ठेवणारं प्लास्टर किंवा पट्टा वापरतात, नाहीतर मांडीचं हाड गोळ्याच्या खाली कापून आत कलतं जोडतात. काही ठिकाणी कमरेचं हाड कापून खोबणीच गोळ्यावर झुकवतात. यातलं काहीही करण्याआधी सांधा मोकळा हवा. अडलेल्या सांध्यात गोळा आत जातच नाही, कडेवर बिजागरीसारखा उचलला जातो, आणि नुकसान वाढतं.

मी विचारलं, "मग त्या पाच वर्षांच्या मुलाला काहीच कसं करावं लागलं नाही?"

"त्याच्याकडे वाढीची दहा वर्षं शिल्लक होती," डॉक्टर म्हणाले. लहान मुलाचा गोळा थोडा बिघडला तरी उरलेल्या वाढीत सुधारतो, आणि खोबणही त्याच्याबरोबर आपला आकार बदलते. साधारण सहाच्या आत सुरू झालं तर बहुतेकांचं बरं होतं, सगळ्यांचं मात्र नाही. आठनंतर ही सवलत झपाट्याने कमी होते. बारा वर्षांच्या पुढे तर साच्यात ठेवूनही फारसा उपयोग होत नाही. मुलींची वाढ लवकर थांबते, म्हणून त्याच वयाच्या मुलीकडे वेळ आणखी कमी असतो.

वयाची ही गोष्ट अमेरिकेतले डॉ. जॉन हेरिंग आणि सहकाऱ्यांनी 2004 साली अनेक रुग्णालयांतल्या मुलांची वाढ पूर्ण होईपर्यंत पाहून मांडली. त्यांनी गोळ्याच्या बाहेरच्या तिसऱ्या भागाची उंची मोजली. ही उंची निम्म्याच्या आसपास किंवा जास्त टिकून होती आणि आजार आठ वर्षांनंतर सुरू झाला होता, अशा मुलांना ऑपरेशनचा फायदा झाला. आठच्या आतल्यांपैकी ज्यांची उंची निम्म्याहून जास्त होती त्यांचं दोन्हीकडून चांगलं झालं. उंची निम्म्याखाली पुरती कोसळलेल्यांना ऑपरेशननेही फरक पडला नाही.

पण यात एक पेच आहे. ही उंची दुसरा टप्पा बराच पुढे गेल्यावरच कळते. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी या टप्प्यांचे आणखी बारीक भाग पाडले आणि दाखवलं की दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात गोळा बिघडून चुकलेला असतो. साच्यात ठेवायचं तर त्याआधीच. म्हणजे मोठ्या मुलाच्या बाबतीत पुरावा हाती येईपर्यंत थांबलं, तर उशीर होतो.

माझा मुलगा पहिल्या टप्प्याच्या शेवटी होता. अडीच महिने गुडघ्यात गेले होते, तरी वेळ होती. दोन आठवडे पायाला वजन लावून ठेवलं, सांधा सैल झाला, पाय उघडायला लागला. मग मांडीचं हाड कापून, थोडं आत कलवून, पट्टी आणि स्क्रूने जोडलं. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नव्हता, आणि त्यानंतरही कित्येक महिने कुबड्या. पाय सेंटिमीटरभर आखूड होईल आणि काही काळ लंगडेल, हे आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. अम्मी अजून म्हणते की ऑपरेशनमुळेच लंगडतो. तिला मी एक्स-रे दाखवते, ती चष्मा शोधते.

आता तो साडेदहा वर्षांचा आहे. पट्टी काढून झाली. मागच्या महिन्यातल्या एक्स-रेत गोळ्याच्या बाहेरच्या कडेला नवं हाड दिसतंय. आकार थोडा लांबट आहे, पण खोबणीच्या आत आहे. मी "गोल होईल ना?" असं विचारलं. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं नाही. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी, म्हणाले. दस्तरखानावर तो आता मांडी घालून बसतो, डावा गुडघा मात्र उजव्यापेक्षा चार बोटं वर राहतो.