चार ओळींची दिलगिरी

दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आस्थापनेचे टेबल माझ्याकडे होते. 1985 साली बसलो तो 2012 साली उठलो. मोल्डर, फिटर, स्टोअरकीपर, क्वालिटी इन्स्पेक्टर, अशा साऱ्यांचे अर्ज आधी माझ्यासमोर यायचे आणि मग मालकांपुढे जायचे. मालकांपुढे काय जाऊ द्यायचे आणि काय नाही, एवढीच काय ती माझी सत्ता. पण ज्याला नोकरी हवी असते त्याच्या दृष्टीने ती सत्ता थोडी नसते, हे मला ठाऊक होते.

त्या काळी अर्ज टाईप करून यायचे. पोरे टायपिस्टकडून एकाच मजकुराच्या पाच-सहा प्रती काढून घेत, कंपनीच्या नावाची जागा कोरी ठेवत आणि घरी येऊन ती हाताने भरत. मग एखाद्या दिवशी आमच्या पत्त्याच्या पाकिटातून कोल्हापूरच्या शिरोलीतल्या कुणा कारखान्याच्या नावाचा अर्ज बाहेर पडे. ‘आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे’, आणि कंपनी मात्र दुसरीच! आमचे हेडक्लार्क हसून तो कागद केराच्या टोपलीकडे सरकवायचे. मला हसू येत नसे. पाकिटांची अदलाबदल झाली, की चूक एक नसते, दोन असतात. शिरोलीचा अर्ज आमच्याकडे आला, याचा अर्थ आमचा शिरोलीला गेला. दोन्हीकडे दार बंद, आणि पोरगा बिचारा पोस्टमनची वाट बघत बसलेला. त्याला कळायचेदेखील नाही.

आता अर्ज ई-मेलने जातात. पाकीट गेले, पण अदलाबदल राहिली. उलट एक सोय झाली आहे. पाठवलेले पत्र ‘सेंट’मध्ये आपल्यापाशी राहते, त्यामुळे चूक दुसऱ्याच्या आधी आपल्याला दिसू शकते. ती दिसली म्हणजे काय करावे, हे विचारायला अजून आमच्या गल्लीतली मुले माझ्याकडे येतात. एका कंपनीच्या पत्रात दुसरीचे नाव दिसले, की मी पहिल्यांदा विचारतो, “त्या दुसऱ्या कंपनीला काय पाठवलंस ते बघितलास का?” दहातली आठ मुले बघितलेली नसतात.

नावाच्या चुकीपुरते माझे मत असे आहे. दुरुस्त केलेले पत्र पुन्हा पाठवावे, वर एक ओळ लिहावी की आधीच्या पत्रात कंपनीचे नाव चुकीचे गेले, हे पत्र ग्राह्य धरावे, क्षमस्व. बस. ती दुसरी कंपनी कोणती हे पुन्हा उच्चारू नये. ते त्यांनी वाचलेले असते, नसेल तर आपण कशाला दाखवा? आमच्या भागात कारखानदार एकमेकांचे व्याही तरी असतात नाहीतर वैरी तरी. आणि ‘टायपिंगची चूक’ असे तर मुळीच लिहू नये. टायपिंगच्या चुकीने एखादे अक्षर बदलते, आख्खी कंपनी बदलत नाही. वाचणारा मनात म्हणतो, चुकला ते चुकला, वर मला शेंडी लावतो.

पण नावाची चूक म्हणजे फार तर लाज. चुकीचा कागद जोडला जाणे ही गोष्ट वेगळी असते, आणि ती किती वेगळी असू शकते हे मला मागच्या वर्षी शेजारच्या मुलीमुळे नीट कळले.

मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा झालेली, एका मशीनशॉपमध्ये तपासणी विभागात तीन वर्षे नोकरीला. एका रात्री साडेनऊला बापाला घेऊन दारात उभी. “काका, घोळ झालाय हो. दुसऱ्या कंपनीला बायोडाटा म्हणून भलतंच पाठवून बसलोय मी.” (आमच्याकडे पोरीही ‘बसलोय’च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

फोन हातात घेऊन बघितला. मजकूर चांगला होता, नाव बरोबर होते. खाली जोडलेल्या फाईलचे नाव होते DOC-20240612-WA0007.pdf. ती उघडली तर तिच्या सध्याच्या कंपनीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. पंपाच्या हाऊसिंगचा बोअर, पाच नगांची मापे, वर गिऱ्हाईकाचे नाव आणि ड्रॉइंग नंबर, खाली हिची सही.

हे झाले कसे, ते उघड होते. बायोडाटा तिच्या मावसभावाने करून व्हॉट्सॲपवर धाडलेला. रिपोर्टही त्याच दिवशी साहेबांनी व्हॉट्सॲपवरच मागवलेला आणि परत पाठवलेला. दोन्ही फाईलींना फोनने स्वतःच नावे दिली, त्यांत फरक शेवटच्या आकड्याचा. एक तीन, एक सात. मेलला फाईल जोडायला गेले, की फोन सगळ्यात ताजी फाईल सगळ्यात वर दाखवतो. अंगठा वरच्या फाईलवर पडला.

बापाचे म्हणणे, पाठवलेला मेल परत ओढून घेता येतो म्हणे. येतो, पण केव्हा? जीमेलमध्ये पाठवल्यावर ‘अनडू’ दिसते, ते मुळात पाच सेकंद, सेटिंग बदलून ठेवले असेल तर जास्तीत जास्त तीस सेकंद. त्यानंतर बाण सुटला. आऊटलूकमध्ये ‘रिकॉल’ असते, ते एकाच संस्थेच्या आतल्या पत्रांना चालते, परक्याच्या पेटीतले पत्र त्याने निघत नाही. हिला मेल पाठवून दोन तास झाले होते.

म्हणजे पत्रच लिहायचे. तिने घरून मसुदा करून आणला होता. पाऊण पान! आजीला दवाखान्यात नेले होते, रेंज नव्हती, मी एरवी अशी बेजबाबदार नाही, कृपया माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नये. आजीची गोष्ट खरी होती, मला माहीत आहे. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्यापुढे एका जागेसाठी साठ-सत्तर अर्ज असतात. बायोडाटा न उघडल्याने तो आधीच अडलेला असतो. त्याला कारण नको असते, कागद हवा असतो. शिवाय ‘मी बेजबाबदार नाही’ हे वाक्य वाचेपर्यंत तसे काही त्याच्या मनात आलेलेच नसते.

आम्ही दोघांनी बसून चार ओळी केल्या. मेल इंग्रजीत गेला, अर्थ असा होता: ‘क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी आज सायंकाळी साडेसात वाजता पाठवलेल्या माझ्या अर्जास चुकीची फाईल जोडली गेली, क्षमस्व. ती फाईल माझ्या सध्याच्या कंपनीची असून माझ्या अर्जाशी तिचा संबंध नाही. ती कुणाकडे न पाठवता काढून टाकावी आणि काढल्याचे कळवावे, ही विनंती. माझा बायोडाटा सोबत जोडला आहे.’ खाली नाव आणि फोन नंबर.

क्षमा एकदाच मागितली आहे, हे ध्यानात घ्या. पद आणि वेळ लिहिली ती ढिगातून पहिला अर्ज सापडावा म्हणून. त्या फाईलीत काय आहे याचे वर्णन केले नाही. ‘गोपनीय’ हा शब्द मी तिला मुद्दाम टाळायला लावला. तो वाचून माणूस हटकून फाईल उघडतो.

मग पाठवताना आणखी एक फसगत होणार होती. ती जुना मेल ‘फॉरवर्ड’ करू लागली. फॉरवर्ड केले की जुनी जोडलेली फाईल पुन्हा बरोबर जाते, म्हणजे तोच रिपोर्ट दुसऱ्यांदा! ‘रिप्लाय’ केले तर जुनी फाईल गळते आणि पत्र मात्र आधीच्या अर्जाखालीच लागते. बायोडाट्याला तिचे स्वतःचे नाव दिले, तो जोडला, जोडलेला तिथेच उघडून पहिले पान बघितले आणि मग पाठवला. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती जाईना. “आमच्या साहेबांना सांगायला लागेल का हो काका?”

बाप भडकला. नव्या नोकरीचा पत्ता नाही आणि ही जुनीही घालवणार. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. घरात तिचाच पगार नियमित येतो. पण रिपोर्टवर गिऱ्हाईकाचे नाव होते आणि दोन्ही कंपन्या त्याच गिऱ्हाईकामागे लागलेल्या. उद्या तिकडून कुणी सहज बोलून गेले, तर सहीवरून माग हिच्यापर्यंतच येणार, आणि मग तो निष्काळजीपणा राहत नाही, फितुरी ठरते. मी म्हणालो, सांग. पण तिकडचे उत्तर हातात आल्यावर सांग, आणि दोन दिवस थांबूनही आले नाही तर न येताच सांग. नोकरी शोधतेस हे त्यांना कळणार, याला इलाज नाही. हा सल्ला देताना मला बरे वाटत नव्हते, धोका तिचा होता आणि पेन्शन माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. इन मीन दोन ओळी. आधीची फाईल काढली आहे, बायोडाटा मिळाला. मुलाखतीचे अक्षर नाही.

तिने त्याची प्रिंट काढली आणि क्वालिटीच्या साहेबांपुढे ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग त्यांनी तिने पाठवलेल्या चार ओळींची प्रिंटही मागितली, दोन्ही वाचल्या, टाचणी लावून फाईलला लावल्या आणि विचारले, “रिपोर्ट व्हॉट्सॲपवर कुणी मागवला होता?” मागवला त्यांनीच होता. त्या आठवड्यापासून रिपोर्ट कंपनीच्या मेलवरूनच जातात, नावात पार्ट नंबर आणि तारीख घालून. हिच्या पगारवाढीला मात्र त्या वर्षी कात्री लागली. कारण कुणी सांगितले नाही, तिने विचारलेही नाही.

नव्या कंपनीने तिला तीन आठवड्यांनी बोलावले. मुलाखत घेणाऱ्याने मेलचा विषय काढला नाही. बोअर गेज कसे सेट करतेस ते दाखव म्हणाला, तिने दाखवले. पगार दीड हजाराने जास्त होता, पण दोन बस बदलाव्या लागणार होत्या. बापलेकीचा हिशेब अजून चालू आहे.