दोन चपला आणि चार गुण

'प्रस्तुत कवितेत कवीने आपल्या भावना अतिशय सुंदर शब्दांत व्यक्त केल्या आहेत. कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. त्यामुळे ही कविता वाचकाच्या मनाला भिडते.' अंबडमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दहावीतल्या मुलीने हे उत्तर वाचायला दिलं, तेव्हा ते कोणत्या कवितेवर आहे हे सांगितलं नव्हतं. उत्तर वाचूनही ते कळायला मार्ग नव्हता. मोरोपंतांपासून नीरजांपर्यंत कोणाच्याही कवितेखाली हे चिकटवता आलं असतं.

तिच्या वर्गातली निम्मी मुलं असंच लिहितात, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नसावं. दहावीच्या मराठी प्रथम भाषेची लेखी कृतिपत्रिका 80 गुणांची, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणामागे जेमतेम सव्वादोन मिनिटं. पद्यविभाग 16 गुणांचा आणि त्यात रसग्रहणाला चार. नऊ मिनिटांत ओळी वाचायच्या, विचार करायचा आणि लिहायचं, हे हिशेबाला धरलं की पाठ केलेली वाक्यं हाताशी असणं मुलांना सोयीचंच वाटणार. अडचण एवढीच, की अशी वाक्यं परीक्षकाला दिवसभरात शेकडो वेळा दिसतात आणि त्यांच्यातून मुलाने कविता वाचल्याचा कुठलाच पुरावा मिळत नाही.

पुस्तकातल्या कवितांची उत्तरं गाइडमध्ये तयार मिळतात, त्यामुळे त्यांच्यावर सराव करायला गेलं की गाइडच बोलायला लागतं. म्हणून या मुलीसाठी आठ ओळी मीच रचल्या. कविता म्हणून त्यांची किंमत बेताचीच, पण सरावाला चालण्यासारख्या.

बाबा येती, मी झोपेत;
मी निघते, ते झोपेत.
दोन चपला भेटती रोज
दारामागे काळोखात.

वहीवरती सही तयांची,
डब्यात त्यांच्या माझी चिठ्ठी;
घड्याळ ठेवी दूर आम्हांला,
कागद घाली रोज मिठी.

तिने वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं. अंबडच्या पोरीला यात अनोळखी काय असणार? वडील एमआयडीसीतल्या एका कंपनीत, महिन्यातला बराच काळ सेकंड शिफ्टला. तिने लिहिलं: 'कंपनीत राबणाऱ्या कामगाराचे कष्ट ही या कवितेची मध्यवर्ती कल्पना आहे.' खाली पुरावा म्हणून पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवल्या.

"काकू, यात तर ओळही लिहिलीय," तिने बजावलं.

ओळ होती खरी. पण तिला सांगितलं, की कवितेत 'कंपनी' हा शब्द बोट ठेवून दाखव. तिने दोनदा वाचलं. मग 'कष्ट' शोधला. तोही नव्हता. 'शिफ्ट' नव्हता, 'कामगार' नव्हता. ते सगळं तिच्या घरातून आलं होतं. हे बाबा कंपनीत जातात, रिक्षा चालवतात, की एखाद्या दवाखान्यात रात्रपाळी करतात, कविता सांगत नाही. कवितेत आहे ते एवढंच: दोघांच्या वेळा जुळत नाहीत आणि डबा जातो. वाचणाऱ्याचा अनुभव कविता कळायला मदत करतो, पण उत्तरात पुरावा म्हणून तो चालत नाही. परीक्षकासमोर ओळी असतात, मुलीच्या घरची परिस्थिती नसते.

उलट, ओळींत असलेली एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. बोलणारी व्यक्ती मुलगी आहे, हे कळतं कशावरून? 'निघते' या एका क्रियापदावरून. मुलगा असता तर 'निघतो' आलं असतं. तिने उत्तरात 'कवी म्हणतो, मी झोपेत असतो' असं लिहून टाकलं होतं. कवितेतला 'मी' आणि कवी एकच धरण्याची ही सवय फार पसरलेली आहे. 'कवितेतील मुलगी' एवढे दोन शब्द लिहिले तरी उत्तर वाचणाऱ्याला कळतं, की या विद्यार्थ्याने ओळी डोळे उघडे ठेवून वाचल्यात.

आता मध्यवर्ती कल्पनेकडे. विषय आणि मध्यवर्ती कल्पना यांची मुलं गल्लत करतात, आणि त्यांतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. विषय दोन-तीन शब्दांत संपतो: बाप आणि लेक, निसर्ग, देशप्रेम. मध्यवर्ती कल्पनेला पूर्ण वाक्य लागतं, कारण त्या विषयाबद्दल कविता काय म्हणते ते तिथे यायला हवं. बऱ्याचदा त्या वाक्यात 'पण', 'तरी' किंवा 'म्हणून' येतो. तिने दुसऱ्यांदा लिहिलं: 'बाप आणि लेकीची भेट होत नाही, ही मध्यवर्ती कल्पना आहे.' वाक्य खरं होतं, पण अर्धं. तपासायची रीत अशी, की आपलं वाक्य कवितेच्या शेवटच्या ओळीशेजारी ठेवून पाहायचं. भेटच होत नसेल तर शेवटी मिठी कुठून आली? पहिल्या कडव्यापुरतं वाक्य दुसऱ्या कडव्याला पुरेना. मुलीने थोडा वेळ पेन चावलं आणि 'तरी' लिहून वाक्य पुढे नेलं: 'वेळा जुळत नसल्याने बाप आणि लेकीची भेट होत नाही, तरी त्यांची माया रोजच्या साध्या वस्तूंमधून एकमेकांपर्यंत पोहोचते.' हे वाक्य आठही ओळींना पुरलं.

ही रीत पुस्तकातल्या कवितेलाही लागू पडते. 2018 साली आलेल्या दहावीच्या 'कुमारभारती'त द. भा. धामणस्करांची 'वस्तू' ही कविता आहे. तिची मध्यवर्ती कल्पना म्हणून 'वस्तू जपून वापराव्यात, स्वच्छ ठेवाव्यात' असं मुलं बिनधास्त ठोकून देतात. कवितेच्या मोठ्या भागात तसा सल्ला आहेही. पण शेवटाकडे कविता वस्तूला कृतज्ञतेने निरोप देण्यापर्यंत जाते. नीटनेटकेपणाचा सल्ला तिथवर पोहोचत नाही. वस्तूंशी माणसाचं नातं असतं, त्यात आपुलकी आणि कृतज्ञता हवी, असं म्हटलं की निरोपही त्यात सामावतो. सुरुवातीच्या ओळी मुलांच्या तोंडी बसलेल्या असतात, म्हणून कल्पनाही सुरुवातीवरूनच ठरवली जाते. कविता वळते ती बहुधा पुढे.

राहिला प्रश्न ओळी उद्धृत करण्याचा. रसग्रहणाच्या प्रश्नात काव्यपंक्ती प्रश्नातच छापलेल्या असतात. त्या पुन्हा अख्ख्या उतरवून काढण्यात दोन मिनिटं जातात आणि मिळत काही नाही. पाठांतरही सिद्ध होत नाही, कारण ओळी समोरच आहेत. म्हणून चार ओळींऐवजी दोन-तीन शब्द उचलायचे, ते अवतरणचिन्हांत ठेवायचे आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या शब्दांनी काय साधलं ते सांगायचं. हे पुढचं वाक्यच मुलं गाळतात. ओळ लिहून झाली की 'यावरून कवीची भावना दिसते' म्हणून मोकळी होतात. कोणती भावना, कोणत्या शब्दावरून, हे परीक्षकाने शोधायचं!

या मुलीला आठ ओळींतून तीनच तुकडे निवडायला सांगितले. तिने 'काळोखात', 'दोन चपला' आणि 'घड्याळ' निवडले. निवड बरी होती, पण मिठी पुन्हा राहिली. मध्यवर्ती कल्पनेच्या वाक्यातला 'तरी' नंतरचा भाग ज्याच्यावर उभा, तोच तुकडा पुराव्यात नाही, असं करून चालणार नव्हतं. शेवटी 'काळोखात' गेला आणि 'मिठी' आली. मग उत्तर झालं ते असं:

'वेळा जुळत नसल्याने बाप आणि लेकीची भेट होत नाही, तरी त्यांची माया रोजच्या साध्या वस्तूंमधून एकमेकांपर्यंत पोहोचते, ही या कवितेची मध्यवर्ती कल्पना आहे. पहिल्या कडव्यात माणसांऐवजी त्यांच्या "दोन चपला" भेटतात. त्यामुळे दोघे एकाच घरात असूनही किती दूर आहेत हे जाणवते. दुसऱ्या कडव्यात सही आणि चिठ्ठी येते. कवितेतील मुलगी वडिलांवर रागावत नाही. दुराव्याचा दोष ती "घड्याळ" या शब्दातून वेळेवर टाकते. शेवटी कागद "मिठी" घालतो. चपला, घड्याळ आणि कागद या निर्जीव वस्तू माणसांसारख्या वागतात, म्हणून येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे. जे बाप-लेकीला करता येत नाही ते वस्तू करतात, असे त्यातून सुचवले आहे.'

अलंकाराचं नाव इथे शेवटी आलं आणि ते कल्पनेला जोडून आलं, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. एरवी 'या कवितेत यमक अलंकार साधला आहे' असं सुटं वाक्य टाकलं जातं. ते बरोबर असलं तरी उत्तरात उपरं राहतं. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मुद्दे अपेक्षित असतात. भाषिक वैशिष्ट्यांसाठी या उत्तरात तिने एक वाक्य नंतर जोडलं: '"येती", "तयांची" अशी जुन्या वळणाची रूपे आणि छोट्या ओळी यांमुळे कवितेला बालगीतासारखी लय आली आहे.' 'भाषा ओघवती आहे' यापेक्षा हे वाक्य कितीतरी उजवं, कारण ते दुसऱ्या कवितेखाली खपणार नाही.

नुसतं कवितेचं नाव दिलेलं असतं, अशाही कृती असतात. तिथे कवितेतले शब्द आठवणीतूनच आणावे लागतात. तिथे मोह होतो तो अर्धवट आठवणारी ओळ अंदाजाने पुरी करून अवतरणचिन्हांत घालण्याचा. अवतरणचिन्ह लावलं की हे शब्द कवीचेच, अशी हमी दिल्यासारखं होतं. खात्री नसेल तर चिन्हं काढून ओळीचा आशय आपल्या शब्दांत सांगावा आणि ती ओळ कवितेत कुठे येते ते लिहावं: सुरुवातीला, मध्ये की शेवटी. नेमका एक शब्द खात्रीने आठवत असेल तर तेवढाच अवतरणात घ्यावा. चुकीच्या चार ओळींपेक्षा बरोबर एक शब्द भारी पडतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. संतांचे अभंग किंवा रामदासांचं 'उत्तमलक्षण' घेतलं, तर तिथे उपदेश उघडच सांगितलेला असतो. वळण शोधत बसलं की नसलेला गूढार्थ लिहिला जातो. तिथे मध्यवर्ती कल्पना सरळ मांडावी आणि कोणत्या उपदेशाने ती पक्की होते ते दाखवावं. वस्तू, चित्र, प्रतिमा यांतून बोलणाऱ्या आधुनिक कवितेला मात्र शेवटच्या ओळीची कसोटी लावल्याशिवाय उत्तराला हात घालू नये.

मुलीचं उत्तर वडिलांनी रविवारी वाचलं. उत्तराबद्दल ते काही बोलले नाहीत. "ताई, डब्यात चिठ्ठी ही कधीच ठेवत नाही हं," एवढं मात्र त्यांनी सांगितलं. कविता आणि घर वेगळं ठेवायचं, हे त्यांना आमच्याआधी कळलेलं दिसलं.

घरात दहावीचं मूल असेल, तर त्याच्या वहीतलं कवितेवरचं एक उत्तर काढा, कवितेचं नाव हाताने झाका आणि वाचा. कोणती कविता ते ओळखता आलं नाही, तर ते उत्तर पुन्हा लिहायला सांगा.