शाखेगणिक निराळे माप

भागीदारी संस्थेतून एखादा भागीदार निवृत्त होतो तेव्हा निवृत्तीलेख तयार होतो, त्याच्या भांडवली खात्याचा हिशेब चुकता केला जातो आणि १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याला अनुसरून जाहीर सूचनाही दिली जाते, कारण ती दिल्याशिवाय त्रयस्थांपुरती त्याची जबाबदारी संपत नाही. मात्र कोणत्या शाखेकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे या कागदांपैकी एकातही उतरत नाही, आणि म्हणून जाणाऱ्या भागीदाराने मागे राहणाऱ्यांसाठी एक वेगळे पत्र लिहावे लागते. प्रस्तुत पत्र किरकोळ औषधविक्री करणाऱ्या संस्थेतले आहे. तिच्या तीन शाखांपैकी एक रुग्णालयाच्या फाटकासमोर, दुसरी निवासी वसाहतीत आणि तिसरी तालुक्याच्या बाजारपेठेत आहे. तिन्ही ठिकाणी फळ्यांवर जवळजवळ तीच औषधे असली तरी तिन्ही दुकानांचे धंदे एक नाहीत, आणि पत्राचे सारे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

नव्या भागीदारांचा पहिला मोह तिन्ही शाखांची महिन्याची विक्री एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडण्याचा असतो. औषधांच्या धंद्यात रुपयांतली विक्री विशेष फसवी ठरते, कारण किमती दुकानदाराच्या हातात नसतात. अनुसूचित औषधांच्या, म्हणजे सरकारने ज्यांची कमाल किंमत ठरवून दिली आहे अशा औषधांच्या किमती घाऊक किंमत निर्देशांकानुसार दर एप्रिलमध्ये बदलता येतात. एप्रिल २०२२ मध्ये ही मुभा सुमारे १०.८ टक्क्यांची होती आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १२.१ टक्क्यांची, त्यामुळे एकही पट्टी जास्त न विकता त्या दोन वर्षांत विक्री वाढलेली दिसू शकत होती. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ११२ रुपयांची पट्टी १०५ रुपयांना मिळू लागली आणि एकही गिऱ्हाईक न तुटता गल्ला उतरला. म्हणून तिन्ही शाखांत समान असे एकच माप ठेवावे, ते म्हणजे बिलांची संख्या. दुकानात किती माणसे आली आणि काही घेऊन गेली, एवढेच ते सांगते, पण खरे सांगते.

ढोबळ नफ्याचे प्रमाण, म्हणजे विक्रीतून खरेदीखर्च वजा जाता उरणारा हिस्सा, हेही शाखेचे माप होऊ नये. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरले आहेत, परंतु ते त्याच्या खरेदी किमतीवर आहेत. १०० ला घेतलेला माल ११६ ला विकला जातो, म्हणजे विक्रीच्या शंभर रुपयांमागे १३.८ रुपयेच राहतात. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर सामान्यतः याहून अधिक सुटतात. कोणत्या शाखेत यांपैकी काय जास्त खपेल हे डॉक्टरांची चिठ्ठी ठरवते, शाखेचा व्यवस्थापक नव्हे, आणि जे त्याच्या हाती नाही त्याबद्दल त्याला जाब विचारला की तो रुग्णाच्या गळ्यात नको ती बाटली मारू लागतो.

रुग्णालयासमोरच्या शाखेत एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, तो असा की आलेली चिठ्ठी पूर्ण दिली गेली का. येथे येणारा माणूस आजारी नसतो, तर आजाऱ्याचा नातेवाईक असतो. वर खाटेजवळ परिचारिका वाट पाहत असते, आणि पाचांपैकी चार औषधे मिळाली तर त्याला पाचव्यासाठी दुसऱ्या दुकानाच्या रांगेत उभे राहावे लागते. पुढच्या वेळी तो थेट त्या दुसऱ्या दुकानातच जातो. संगणक मात्र औषधागणिक उपलब्धता दाखवतो, आणि ती ९५ टक्के असली की सर्वांना समाधान वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक औषध असण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर पाच औषधांची चिठ्ठी पूर्ण मिळण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के उरते, म्हणजे दर चार-पाच नातेवाइकांपैकी एक जण अर्धवट पिशवी घेऊन बाहेर पडतो. यासाठी मोजायची ती चिठ्ठी, औषध नव्हे. महिन्यातला एक आठवडा गल्ल्याशेजारी एक कोरा कागद ठेवून प्रत्येक चिठ्ठीसाठी पूर्ण किंवा अपूर्ण अशा दोन रकान्यांत उभी रेघ ओढावी, एवढे पुरे.

या मापाला दोन ठिकाणी कीड लागते. पहिली शॉर्ट बुकात, म्हणजे संपलेला किंवा नसलेला माल ज्या वहीत टिपायचा त्या वहीत. दुकानात गर्दी वाढली की माणसे ‘नाही’ म्हणून मोकळी होतात आणि नोंद राहून जाते, त्यामुळे ज्या दिवशी सर्वांत जास्त औषधे नव्हती त्याच दिवसाचे पान सर्वांत कोरे दिसते. सणासुदीच्या आणि साथीच्या दिवसांतली कोरी पाने पाहून आनंद मानू नये. दुसरी कीड अधिक घातक आहे. पूर्ण चिठ्ठ्यांचा आकडा वाढवण्याचा दबाव आला की लिहिलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीची पट्टी पुढे सरकवली जाते. अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ मधील औषधांच्या बाबतीत, घटक तोच असला तरी, चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास औषध नियमांची मनाई आहे. म्हणून बदलून दिलेली चिठ्ठी अपूर्ण धरावी, हा नियम मापाबरोबरच लिहून ठेवणे आवश्यक आहे.

वसाहतीतल्या शाखेचा कणा म्हणजे रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे दरमहा नेणारी कुटुंबे. तेथे पाहायचे ते परत येणे. ज्यांनी एका महिन्यात महिनाभराची औषधे नेली त्यांची यादी काढावी आणि त्यांपैकी किती जण ४५ दिवसांच्या आत पुन्हा आले ते पाहावे. तीस दिवसांच्या गोळ्या आणि घरात शिल्लक राहिलेल्या काही, एवढी सवलत त्यात धरलेली आहे. समजा यादी २४० जणांची असून २०४ परतले, तर प्रमाण ८५ टक्के झाले. पण पत्राचा भर त्या टक्केवारीवर नसून उरलेल्या ३६ नावांवर आहे. त्यांतले काही मुलाकडे परगावी गेलेले असतात, कोणाचे औषध डॉक्टरांनी बदललेले असते, कोणी रुग्णालयात असते आणि कोणी या जगातही नसते. चौकशीचा फोन करणाऱ्याने हे ध्यानात ठेवून बोलावे, ‘काका, गोळ्या संपल्या असतील’ अशी सुरुवात तर कधीच करू नये. ही सगळी नावे बाजूला काढल्यावर जी दहा-बारा उरतात ती खरी तुटलेली गिऱ्हाइके होत, आणि त्यांच्या चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या की कारण बहुधा तेथेच सापडते. सात औषधांपैकी एक इन्शुलिन दोनदा वेळेवर मिळाले नाही आणि त्यापायी उरलेली सहाही औषधे दुसरीकडे गेली, असे वारंवार आढळते. उधारीची वही याच शाखेत जाड असते. तिची एकूण रक्कम न पाहता ६० दिवसांहून जुनी रक्कम पाहावी, कारण महिन्याच्या पगाराला फिटणारी उधारी ही उधारी नव्हे, ती वसाहतीतली रीत आहे.

तालुक्याच्या शाखेत मात्र नजर माणसांवरून मालाकडे वळवावी लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी, इतर दिवशी शांतता, आणि शहरातून माल यायला लागणारा वेळ, या तीन कारणांमुळे तेथे साठा जास्त ठेवण्याकडे कल असतो, आणि स्टॉकिस्टचा, म्हणजे कंपनीच्या घाऊक वितरकाचा माणूस योजना घेऊन येतो तोही याच दुकानात अधिक वेळ बसतो. येथले माप म्हणजे साठ्याचे दिवस: दुकानातला माल खरेदी किमतीने किती आहे आणि महिन्याला खरेदी किमतीने किती जातो, यांचा भागाकार. महिन्याला ८ लाख २० हजारांचा माल जात असून साठा १२ लाख ३० हजारांचा असेल, तर तो दीड महिन्याचा, म्हणजे ४५ दिवसांचा झाला. तोच साठा १६ लाख ४० हजारांवर, म्हणजे ६० दिवसांवर गेला आणि विक्री होती तेवढीच राहिली, तर ४ लाख १० हजार रुपये फळीवर जाऊन बसले. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण पावसाळ्याच्या तोंडावर तापाची औषधे आणि क्षारसंजीवनी वाढवलेली असते व ती वाढ योग्यच असते.

हे पैसे फळीवर कसे बसतात ते एका उदाहरणाने सांगण्याजोगे आहे. दहावर एक फुकट, अशी योजना समोर येते आणि व्यवस्थापक १०० पट्ट्यांचे पैसे देऊन ११० घेतो. प्रत्येक पट्टीमागे नऊ टक्क्यांची बचत झाली, असे बिलावर दिसते. या दुकानात ते औषध महिन्याला पाच पट्ट्या जाते आणि मालाची मुदत १८ महिन्यांची उरलेली आहे. अखेरचे तीन महिने ती पट्टी कोणी घेत नाही, कारण मागची तारीख वाचूनच गिऱ्हाईक ती काउंटरवर परत ठेवतो. म्हणजे विकायला १५ महिने मिळतात आणि ७५ पट्ट्या जातात. शंभराचे पैसे देऊन पंचाहत्तर विकल्या गेल्या आणि ३५ उरल्या. मुदत संपलेला माल वितरकामार्फत परत करण्याची पद्धत आहे हे खरे, परंतु परतीची रक्कम उशिरा येते, पुष्कळदा कापून येते, आणि योजनेतल्या मालावर ती मिळेलच असे धरून चालता येत नाही. या शाखेसाठी दुसरे माप त्यामुळे आपोआप ठरते: येत्या सहा महिन्यांत मुदत संपणारा माल रुपयांत किती आहे. ही यादी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढावी आणि तिच्यातली जी औषधे रुग्णालयासमोर खपतात ती परवान्याचे व बिलाचे सोपस्कार पाळून त्याच आठवड्यात तिकडे हलवावीत. पाच महिने हातात असताना हललेली पट्टी विकली जाते, दोन महिने उरल्यावर हललेली पट्टी फक्त दुकान बदलते.

ही मापे कायमची नाहीत, हेही पत्रात स्पष्ट लिहिले आहे. वसाहतीशेजारी नवे रुग्णालय उघडले की त्या शाखेतही परतणाऱ्या कुटुंबांच्या यादीबरोबर चिठ्ठ्यांच्या रेघा ओढाव्या लागतील. तालुक्याला शहरातून रोज माल पोहोचू लागला तर ४५ दिवस हेही फार ठरतील आणि ३० वर यावे लागेल. पत्रासोबत तीन वह्या दिल्या आहेत. रुग्णालयासमोरच्या शाखेच्या वहीत मागच्या आठवड्याच्या रेघा ओढलेल्या आहेत, २१२ पूर्ण आणि ५८ अपूर्ण, आणि त्या ५८ पैकी १९ चिठ्ठ्यांत एकच प्रतिजैविकाचे इंजेक्शन नव्हते, त्याच्या नावाखाली लाल शाईने रेघ मारलेली आहे.